क्विंटलची डाळ, किलोची पाकिटं आणि शेवटच्या १३ पाकिटांतला नफा

प्रश्न: अंबाजोगाईजवळच्या गावात आमचा महिला बचत गट आहे. लातूरच्या मिलमधून तूर डाळ ११,२०० रुपये क्विंटलने पाच क्विंटल आणली. टेम्पोचे ८०० आणि हमालीचे २०० गेले. किलोची पाकिटं केली, ५१० पिशव्या लागल्या, पिशवी-स्टिकर मिळून २ रुपये पडले. पाकिटं ४९४ भरली, दुकानांना १२५ रुपयांनी दिली, पोहोचवायला ५०० खर्च झाले. ४ पाकिटं परत आली. आमच्या हिशोबाने क्विंटलमागे १,३०० सुटायला हवे होते, पण निम्मेही हातात आले नाहीत. खरा नफा कसा काढायचा?

उत्तर:

ताई, तुमची वही मला पूर्ण वाटते. फक्त भागाकार चुकीच्या आकड्याने झालाय. तुम्ही ११,२०० ला १०० ने भागलं, किलो ११२ ला पडला म्हणालात आणि १२५ मधून ११२ वजा केले. पण १०० किलो हा मिलच्या पावतीवरचा आकडा आहे. पैसे देतं ते विकलं गेलेलं पाकीट. म्हणून सगळा खर्च एकत्र करायचा आणि त्याला विकलेल्या पाकिटांनी भागायचं. खरेदी केलेल्या किलोंनी नाही, आणि भरलेल्या पाकिटांनीसुद्धा नाही.

आता तुमचाच माल घेऊन करू. पाच क्विंटलचे ५६,००० झाले. टेम्पो आणि हमाली धरली की माल तुमच्या दारात ५७,००० ला येऊन पडला. म्हणजे एकही पिशवी उघडण्याआधी किलो ११४ झाला. ५१० पिशव्यांचे १,०२० रुपये. दुकानांना पोहोच ५००. सीलिंग मशीनची वीज, सुतळी, पाकिटं भरून न्यायच्या गोण्या आणि मशीनची पट्टी बदलायला बाजूला ठेवायचे चार पैसे, असे मी १८० धरतो.

मजुरीचा आकडा तुमच्या प्रश्नात नाही. गटातल्या बायकांनी घरचं काम समजून केलं असणार. डाळ चाळायला, भरायला, वजन करायला आणि सील मारायला तीन जणींचा पूर्ण दिवस जातो. रोज ३०० धरला तर ९०० रुपये होतात. तुमच्याकडे खुरपणीचा रोज जास्त असेल तर तो धरा. हे पैसे कुणाला प्रत्यक्ष दिले नसतील तरी वहीत लिहा. ते लिहिले नाहीत तर गटातल्या बायकांनी फुकट राबायचं आणि त्यालाच नफा म्हणायचं असं होतं. पुढे काम वाढून बाहेरची बाई लावायची वेळ आली की हा नफा एका दिवसात नाहीसा होतो.

सगळं मिळून ५९,६०० झाले. विकली ४९० पाकिटं, म्हणजे एक पाकीट तुम्हाला १२१ रुपये ६३ पैशांना पडलं. विक्रीचे ६१,२५० आले. सुटले १,६५०, क्विंटलमागे ३३०. मजुरीचे ९०० तुम्ही दिले नाहीत म्हणून हातात साधारण २,५५० दिसले असतील. तुमच्या अपेक्षेतले ६,५०० आणि हातातले २,५५० यांतला फरक तो हा. चोरीमारी कुठेही नाही.

हाच हिशोब उलट बाजूने मांडला की सांडलवंडीची खरी किंमत कळते. ५९,६०० ला १२५ ने भागा. ४७७ येतात. म्हणजे पहिली ४७७ पाकिटं विकेपर्यंत तुम्ही नुसता खर्च परत मिळवत असता. नफा म्हणून जे काही आहे ते ४७८ व्या पाकिटापासून पुढे. तुमची ४९० विकली, म्हणजे पाच क्विंटलमधली अवघी १३ पाकिटं तुमच्या नफ्याची. डाळ सांडली, उडाली, वाळली किंवा जास्त भरली गेली की ती या १३ मधूनच जाते. पहिल्या ४७७ मधून काही कमी होत नाही, कारण तो खर्च आधीच होऊन बसलेला असतो. लोक म्हणतात, पाचशे किलोत दहा किलो गेले, शेकडा दोन, एवढं चालायचंच. मालाच्या मानाने ते शेकडा दोन आहेत. पण ते दहा किलो हाताशी राहिले असते तर नफ्याची १३ पाकिटं २३ झाली असती.

ते दहा गेले कुठे? चार पाकिटं परत आली हे कळलंय. बाकीचे सहा किलो पाकिटात शिरण्याआधीच नाहीसे झाले. मधली वजनं तुम्ही घेतलेली नाहीत, त्यामुळे तुमच्या मालात नेमकं काय झालं हे इथे बसून ठरवता येणार नाही. पण अशा मालात डाळ कुठे कुठे जाते ते ठरलेलं आहे. मी माझ्या अंदाजाने वाटणी करतो. पुढच्या खेपेला तुमच्या काट्यावर ती पडताळून बघा.

पहिला किलो बारदान्यात. कट्ट्यावर ५० किलो लिहिलेलं असतं. ते नक्त डाळीचं वजन आहे की कट्ट्यासकट, हे भाव ठरवतानाच विचारायचं. प्लास्टिकच्या विणलेल्या कट्ट्याचं वजन साधारण १०० ग्रॅम भरतं. दहा कट्टे म्हणजे एक किलो. ताग असेल तर एकेक पोतं अर्धा किलोच्या पुढे जातं, मग दहा पोत्यांत पाच-सहा किलोंचा फरक पडतो. मिलवाला फसवतो असं मला म्हणायचं नाही. काही ठिकाणी भरती कट्ट्यासकट धरायची रीत असते आणि भाव त्या हिशोबाने ठरलेला असतो. तुम्हाला ती रीत माहीत हवी. माल उतरला की दहाही कट्टे काट्यावर ठेवा, कट्ट्यावर पेनाने वजन लिहा, रिकामा झालेला एक कट्टा तोला आणि वजा करा. ही पहिली नोंद. कमी भरलं तर टेम्पोवाला दारात असतानाच मिलला फोन करायचा. आठ दिवसांनी केलेल्या फोनला कुणी विचारत नाही.

दुसरा दीड किलो चाळणीखाली. चुरी, पावडर, एखादा खडा, टरफल. चांगल्या डाळीत क्विंटलला ३०० ग्रॅमच्या आसपास निघते, म्हणून पाच क्विंटलला दीड किलो धरलं. इथे स्वस्त डाळीचा मोह सांभाळायचा. समजा दुसऱ्या मिलची डाळ क्विंटलला १५० रुपयांनी स्वस्त मिळाली, पण तिच्यात दोन किलो चुरी जास्त निघाली. दोन पाकिटं कमी झाली, २५० रुपये गेले. चुरी जनावरांच्या पेंडीसाठी विकून ४०-५० परत आले तरी तुम्ही तोट्यातच राहिलात, आणि चाळायला वेळ जास्त गेला तो वेगळाच.

म्हणून भाव करण्याआधी नमुना चाळून बघा. कट्ट्याच्या वरची डाळ घेऊ नका, तिथे अख्खा दाणा असतो. चुरी आणि पावडर हादऱ्याने खाली बसते. परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घालून मधली आणि खालची डाळ काढा. बरोबर एक किलो तोला, बारीक चाळणीने चाळा आणि खाली पडलं ते ग्रॅममध्ये तोला. दहा ग्रॅम निघाले तर क्विंटलला एक किलो जाणार. हा हिशोब मिलच्या दारात उभ्या उभ्या तोंडी होतो, आणि दोन मिलच्या भावांची खरी तुलना यानेच होते. फटका डाळ दिसायला चकचकीत असते म्हणून ती आपोआप कमी चुरीची असेल असंही धरू नका. तीही चाळूनच घ्या.

जमिनीवर सांडून जाते ती सगळ्यांत कमी, अर्धा किलो. सगळ्यांचं लक्ष मात्र तिच्यावरच असतं. काम स्वच्छ ताडपत्रीवर करा, दर तासाला ताडपत्रीचे कोपरे उचलून डाळ मधे घ्या आणि पुन्हा चाळा. ताडपत्रीच्या बाहेर पडलेली, पायाखाली आलेली डाळ पाकिटात घालायची नाही. तुमच्या नावाने जे विकलं जातंय त्यात एक केस निघाला की ते दुकान गेलं.

आता सगळ्यांत मोठ्या गळतीकडे येतो. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण ती डाळ सांडत नाही. ती पाकिटातच जाते. किलोच्या पाकिटात १,००४ ग्रॅम भरले गेले तर ४९४ पाकिटांत दोन किलो डाळ फुकट गेली. दोन पाकिटं, २५० रुपये. भरणाऱ्या बाईचा हात नेहमी थोडा जास्तीकडेच जातो. मापाने डाळ ओतली, काट्यावर १,००६ दिसले, सहा ग्रॅमसाठी कोण पुन्हा काढत बसणार म्हणून पाकीट पुढे सरकतं. पाचशे वेळा असं होतं.

यावर उपाय काम वाटून घेण्यात आहे. एकीने मोठ्या मापाने ९८० च्या आसपास भरून पाकीट पुढे द्यायचं. दुसरीने काट्यावर बसून फक्त शेवटची भर घालायची, तीही लहान चमच्याने आणि अखेर चिमटीने. आकडा १,००१ किंवा १,००२ वर आला की थांबायचं. तिसरीने सील. जी काट्यावर बसेल तिने दुसरं काहीच करायचं नाही, आणि दोन तासांनी तिची जागा बदलायची, कारण नजर थकली की हात सैल होतो. काट्यावरचा पंखा बंद ठेवा. वाऱ्याने आकडा हलत राहतो, मग बाई कंटाळून थोडी जास्त घालून मोकळी होते. काटा सपाट फरशीवर ठेवा आणि त्यातला पातळीचा बुडबुडा मधे आहे ना ते सकाळी एकदा बघा.

काटा कोणता, हेही इथे महत्त्वाचं आहे. दुकानात असतो तो ३० किलोचा काटा बहुतेक वेळा पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो. त्यावर १,००० दिसतं तेव्हा आत दोन-अडीच ग्रॅम इकडेतिकडे असू शकतात. तुम्ही कमी पडू नये म्हणून १,००५ वर थांबता आणि तिथेच शेकडा अर्धा टक्का गेला. किलोच्या पाकिटांसाठी लहान क्षमतेचा, एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच घ्या आणि दर वर्षी त्याची फेरतपासणी करून घ्या. पाचशे किलोंमागे दोन पाकिटं वाचली तर अशा काट्याची किंमत थोड्याच खेपांत निघते.

रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणल्याशिवाय डाळ घालायची नाही. छापील पिशवीचं वजन सात-आठ ग्रॅम असतं. पिशवीसकट किलो भरला तर आत ९९२ ग्रॅमच डाळ जाते. पाचशे पाकिटांत असे चार किलो ‘वाचवता’ येतात, आणि हा सल्ला तुम्हाला बाजारात कुणीतरी देईल. घेऊ नका. पाकिटावर लिहिलेलं वजन पिशवी सोडून असावं लागतं. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची चूक सहन केली जाते, पण सगळ्या पाकिटांची सरासरी किलोच्या खाली जाता कामा नये. ठरवून कमी भरलं की सरासरी खाली जातेच, आणि लेबलवर नाव तुमच्या गटाचं असतं. ज्या बाईने तुमचं पाकीट विकत घेतलं तिच्याही घरी महिन्याचा हिशोब असतो.

जास्त भरलं जातंय का हे कळायला सोपी चाचणी आहे. प्रत्येक शंभर पाकिटांमागे कोणतीही दहा उचला आणि एकदम मोठ्या काट्यावर ठेवा. दहा रिकाम्या पिशव्यांचं वजन, समजा ८० ग्रॅम, वजा करा. उरलेला आकडा १०.०१० ते १०.०२० किलोंच्या मधे असला तर हात बरोबर चाललाय. १०.०५० आला तर पाकिटामागे पाच ग्रॅम जातायत, पाच क्विंटलला अडीच किलो. त्याच वेळी काट्यावरच्या बाईला सांगता येतं, संध्याकाळी सांगून उपयोग नसतो. आकडा १०.००० च्या खाली आला तर ती शंभर पाकिटं पुन्हा तोलायची.

राहिला एक किलो. तो हवेत गेला. तुरीची डाळ करताना तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवावं लागतं. घाईत, नीट न वाळता बाहेर पडलेल्या डाळीत पाणी राहतं आणि ते तुम्ही डाळीच्या भावाने विकत घेता. आपल्याकडे मार्च ते मे कोरडी गरम हवा असते. कट्टे तोंड उघडून पडले की डाळ वाळते. १० टक्के ओल असलेली डाळ ९ टक्क्यांवर आली तर क्विंटलमागे १ किलो १०० ग्रॅम वजन घटतं. पाच क्विंटलची सगळी डाळ इतकी वाळली तर साडेपाच किलो जातील. तुमचा माल काही दिवसांत पाकिटबंद झाला म्हणून मी एकच किलो धरला.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. कट्ट्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गार आणि किंचित चिकट लागलं तर डाळ ओली आहे. दाणा दाढेखाली धरून चावा. वाळलेला कटकन तुटतो, ओला आधी दबतो. आणि काट्याची साक्ष घ्यायची असेल तर उतरवताना कट्ट्यावर लिहिलेलं वजन आणि फोडण्याआधी पुन्हा केलेलं वजन जुळवा. कट्टा शिवलेलाच असताना वजन उतरलं असेल तर ते वाळणंच, मग भरणाऱ्या बायकांवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. यावर उपाय एवढाच, की माल आला की दोन-तीन दिवसांत पाकिटात घालायचा. सील केलेल्या पिशवीत वजन टिकतं. पण हाताला गार लागणारी डाळ तशीच सील करू नका. आत बाष्प धरेल, कुबट वास येईल आणि पावसाळ्यात बुरशी येईल. ती पसरून वाळवा आणि तूट मिलवाल्याशी बोला.

पाकिटात गेल्यावरची गळती म्हणजे तुमची परत आलेली चार. ही सगळ्यांत महाग, कारण त्यांवर पिशवी, मजुरी, पोहोच सगळं खर्च झालेलं असतं. चार पाकिटांचे ५०० रुपये तुमच्या विक्रीतून गेले. सील सुटून परत आली असतील तर कारण बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडाला चिकटलेली डाळीची पावडर असतं. प्लास्टिक पावडर ओढून घेतं. तिच्यावरून पट्टी दाबली की सील लागल्यासारखं दिसतं, पण मधे बारीक फट राहते, आणि गोणीत दाब पडला की तिथून उघडतं. त्याच फटीतून किडा आत जातो. म्हणून रुंद नरसाळं वापरा, त्याची नळी पिशवीच्या तोंडाच्या चांगली खाली जाऊ द्या म्हणजे पावडर सीलच्या जागेला लागणार नाही. डाळीच्या वर दोन बोटं जागा सोडा, हवा दाबून काढा, तोंड कोरड्या फडक्याने आतून पुसा आणि मग पट्टी दाबा.

आच कमी असेल तर सील सोलून निघतं. जास्त असेल तर सीलच्या शेजारची रेघ जळून पातळ होते आणि तिथे फाटतं. सकाळची पहिली पाच पाकिटं दोन्ही तळव्यांत जोरात दाबून बघा, कमरेच्या उंचीवरून दोनदा खाली टाका. टिकली तर त्याच आचेवर दिवसभर चालवा. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ घेऊ नका. नियमातही बसत नाही आणि गोणीत फुटते. फक्त सील सुटलेलं पाकीट लगेच परत आलं आणि डाळ स्वच्छ असली तर पुन्हा चाळून नव्या पिशवीत भरता येतं, नुकसान एका पिशवीचं आणि थोड्या श्रमाचं. किडा लागून आलं तर ते गेलंच, आणि त्याच तारखेची बाकीची पाकिटं दुकानांतून जाऊन बघावी लागतात. म्हणून पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर नीट टाका.

पिशवीवर गटाचं नाव-पत्ता, डाळीचं नाव, वजन, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा नंबर कायमचा छापून घ्या. पॅकिंगची तारीख आणि एमआरपी मात्र आधी छापून घेऊ नका, पॅकिंगच्या वेळीच टाका. डाळीचा भाव बदलतो. किंमत छापलेल्या हजार पिशव्या पडून राहिल्या तर ते पैसेही याच नफ्यातून जातात.

आता बघा, भाव एक पैशानेही न वाढवता काय होतं. बारदाना सोडून वजन घेतलं, एक किलो वाचला. जास्तीचं भरणं चार ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर आलं, सव्वा किलो वाचला. दोन दिवसांत पॅकिंग केलं, पाऊण-एक किलो वाचला. परत येणारी चारऐवजी एक. सहा पाकिटं जास्त विकली गेली, ४९६. त्यांचे ७५० रुपये वाढले, त्यांतल्या तीन नव्या पाकिटांच्या पिशव्यांचे सहा रुपये वजा. १,६५० चे २,३९० च्या वर गेले. चुरी आणि सांडलेलं मी मुद्दाम तसंच ठेवलंय, ते पूर्ण शून्यावर कधीच येत नाही.

उधारीबद्दल एक गोष्ट. दुकानदार महिन्याने पैसे देत असतील तर तुमचे ५९,६०० महिनाभर अडकले. गट आपल्याच सभासदांना महिना शेकडा एक रुपया व्याजाने कर्ज देत असेल, तर हे पैसे डाळीत अडकल्याने गटाचं सुमारे ६०० रुपयांचं व्याज बुडालं. १,६५० मधून ते काढलं तर हजारच उरतात. म्हणून रोख देणाऱ्याला १२४ आणि महिन्याने देणाऱ्याला १२६ असे दोन भाव ठेवायला हरकत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी वसुली करायची सवय लावली तर त्याहून बरं.

जीएसटीचं आत्ताच समजून घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित आणि लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर आहे. तुम्ही आणता ते ५० किलोचे कट्टे त्यात येत नाहीत, म्हणून मिलच्या बिलावर कर दिसत नाही. पण त्याच डाळीचं किलोचं पाकीट कराखाली येतं. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच विकत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. तुमच्या १२५ च्या भावाने ते वर्षाला ३२० क्विंटल होतात, त्यामुळे सध्या काळजी नाही. मात्र गटाचा दुसरा मालही त्या ४० लाखांत मोजला जातो. आणि कुणी बिदरहून किंवा निजामाबादहून मागणी केली तर लगेच हो म्हणू नका, कारण राज्याबाहेर असा माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. नोंदणीनंतर १२५ मधले ५ रुपये ९५ पैसे कराचे होतात. ४९० पाकिटांचे २,९०० च्या वर. डाळीच्या खरेदीवर कर भरलेला नसल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही, पिशव्यांवरची थोडीशी मिळते. म्हणजे आजच्या भावात १,६५० चा नफा जाऊन हजाराच्या वर तोटा येईल. त्या दिवशी पाकिटाचा भाव वेगळा मांडावा लागेल.

पुढची खेप आणण्याआधी भाव विचाराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की मिलने किलोला एक रुपया वाढवला तर तुमचं पाकीट एक रुपया दोन पैशांनी महागतं, कारण गेलेल्या किलोंचाही तो रुपया विकलेल्या पाकिटांवर बसतो. ११,२०० चे ११,५०० झाले तर पाच क्विंटलला १,५०० जास्त लागतील आणि आजच्या पद्धतीने १५० रुपये उरतील. म्हणून टेम्पो ठरवण्याआधी आपल्या दोन-तीन मोठ्या दुकानदारांना फोन करा. ते १२८ ला घ्यायला तयार असतील तर माल उचला. नसतील तर तेवढे दिवस थांबा, किंवा जी ४९६ पाकिटांची पद्धत वर सांगितली ती बसवून मग अडीच क्विंटलच आणा. पण तेव्हा टेम्पोचे ८०० अर्ध्या मालावर पडतील, म्हणून लातूरला जाणाऱ्या गावच्या गाडीत पाच कट्टे टाकता येतात का ते आधी बघा.